तुम्ही विचारलंत म्हणून: आभाराच्या पत्रातलं एक वाक्य

“वर्षअखेरीला क्लायंटना आभाराचं पत्र पाठवता, त्यातच ‘ओळखीत कुणाला सांगा’ असंही लिहिता. मागितल्यासारखं नाही वाटत?”

वाटू शकतं. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहायचं माझं काम. चाळीस जणांना एकच मजकूर पाठवला, फक्त नावं बदलून. खाली लिहिलं, नवीन ग्राहक आणलात तर पुढच्या बिलात सूट. एका जुन्या क्लायंटनं फोन करून शांतपणे सांगितलं, “आभार वाचायला घेतले आणि जाहिरात निघाली.” ते मला फार लागलं.

आता पत्र लिहायच्या आधी मी प्रत्येकाची वर्षभराची फाइल उघडते आणि त्यांनी केलेली एक गोष्ट शोधते. मी केलेली नाही, त्यांनी केलेली. शिवणकामाचा कारखाना चालवणाऱ्या एका बाईंना गेल्या वर्षी लिहिलं होतं: “मे महिन्यात जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं, तेव्हा दिवसभराचं काम उरकून तुम्ही तीन संध्याकाळी माझ्याबरोबर बसलात आणि दोनशे नोंदी एकेक करून तपासल्यात. ताळेबंद वेळेत झाला तो त्यामुळे.” वरचं नाव बदलून हे दुसऱ्या कुणाला पाठवता येत नाही. येत असेल, तर पत्र अजून झालेलं नाही असं मी समजते.

मग ते एक वाक्य, शेवटच्या परिच्छेदात: “धंदा वाढला पण हिशेब हाताबाहेर गेला, असं तुमच्या ओळखीत कुणी म्हणत असेल, तर माझा नंबर त्यांना जरूर द्या.” ‘कुणालाही सांगा’ म्हटलं की कुणीच डोळ्यासमोर येत नाही, अडचण नेमकी लिहिली की एखादा चेहरा आठवतो. त्या ओळखीच्या माणसाचं नाव-नंबर मात्र मी क्लायंटकडे मागत नाही. न विचारता दुसऱ्याचा नंबर द्यायचा, या संकोचात माणूस गप्प बसतो. सूट तर काढूनच टाकली. काही व्यवसायांत अशा शिफारशीचा मोबदला द्यायला नियमानंच बंदी असते, आणि जिथे नसते तिथेही सांगणाऱ्याचा शब्द विकत घेतल्यासारखा वाटतो.

हे वाक्य सगळ्यांना जात नाही. ज्यांची तक्रार अजून मिटलेली नाही, ज्यांचं बिल थकलंय, जे दोन महिन्यांपूर्वीच आलेत, त्यांना नुसते आभार. बिलाबरोबर तर पत्र कधीच पाठवत नाही, नाहीतर ते वसुलीच्या कागदासारखं वाचलं जातं.

त्या बाईंनी फेब्रुवारीत एका केटरिंगवाल्यांना माझा नंबर दिला. त्यांचा फोन आला त्याच दिवशी मी बाईंना कळवलं, “तुमचं नाव सांगून फोन आला होता, मनापासून आभार.” काम ठरलं की नाही, त्यांचे हिशेब कसे आहेत, यातलं अक्षरही बोलले नाही. बाईंनीही विचारलं नाही.