माझी पहिली मॅरेथॉन आणि खाली घातलेली मान

हा माझा फिनिश लाइनवरचा फोटो. ४२.१९५ किलोमीटर, ५ तास ४४ मिनिटं. हात उंचावून हसायचं ठरलं होतं, पण फोटोत मी मान खाली घालून घड्याळ बंद करतेय. छातीवरच्या नंबराच्या बिबला लावलेली चिप वेळ नोंदवतच होती, पण त्या क्षणी माझा फक्त स्वतःच्या मनगटावर विश्वास होता.

काळ्या टी-शर्टवरचे पांढरे पट्टे पावडरचे नाहीत, माझ्याच मिठाचे आहेत. डिसेंबरची पहाट, गोव्यातल्या झुवारी नदीच्या काठची हवा. गारवा वाटतो खरा, पण हवेत ओल इतकी की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. आणि अंग गार होतं ते घाम वाळला तरच. मग शरीर जास्त रक्त त्वचेकडे पाठवतं आणि तोच वेग ठेवायला हृदयाला जास्त धडधडावं लागतं. सुरुवातीला साडेसात मिनिटांना किलोमीटर धावताना ठोके १४५ होते, पंचविसाव्या किलोमीटरला त्याच वेगात १६५. वेग सोडायचा, ठोके धरायचे, हे आधीच ठरलेलं. १६०च्या वर गेले की चालायचं. म्हणून पहिला अर्धा भाग २ तास ३८ मिनिटांत झाला आणि दुसऱ्याला ३ तास ६ मिनिटं लागली. त्या चालण्यात एका दारातल्या आजी कळवळून म्हणाल्या, "बाये, मातशें बस गो!" बसले असते तर हा फोटो त्यांच्याच अंगणात निघाला असता.

पाण्याचंही तसंच. घाम गाळत नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं. पोटात पाणी डुचमळतं, मळमळतं, डोकं दुखतं, बोटं सुजतात. म्हणून पाण्याच्या टेबलावर आलटून पालटून ओआरएस आणि पाणी, तेही तहान असेल तेवढंच, आणि दर वेळी बोटातली अंगठी फिरवून बघायची. सैल फिरली की पुढे. (नुसत्या धावण्यानेही बोटं थोडी फुगतात, त्यामुळे एकट्या अंगठीवर निकाल लावू नये. मळमळ आणि गरगरणं सोबत असेल तर मात्र थांबून वैद्यकीय तंबू गाठायचा.)

बत्तिसाव्या किलोमीटरनंतरचं फार आठवत नाही. एक काजूचं झाड आठवतं, ते बराच वेळ जवळच येईना.

मेडल गळ्यात घालून घरी आले. आईने पेज वाढली, वर खाऱ्या तोराची, म्हणजे मिठात मुरलेल्या कैरीची फोड. मिठाची एवढी चव मला जन्मात लागली नव्हती. आणखी मागितली तर म्हणाली, "बेचाळीस किलोमीटर धावलीस ना, मग ऊठ आणि घे."

पातेलं दोन हातांवर होतं. मी ताट चाटलं.