चौथ्या मानांकनाची चिठ्ठी

इंदूरला मुलींच्या टेबल टेनिस स्पर्धेचा मी मुख्य पंच होतो. 22 नावं आली होती, म्हणून ड्रॉ 32 जागांचा केला. उरलेल्या 10 जागी बाय, म्हणजे समोर कुणी नसल्यानं पहिली फेरी न खेळताच पुढची चाल. आठ मानांकित मुलींना एकेक बाय मिळाला आणि बाकीचे दोन बाय चिठ्ठ्या टाकून दोन्ही अर्ध्यांत एकेक दिले.

पहिली मानांकित 1 नंबरच्या जागी, दुसरी 32 वर, म्हणजे त्या दोघी फायनलआधी भेटूच शकत नाहीत. तिसरी आणि चौथी 16 आणि 17 वर बसतात. कोण कुठे, हे एरवी चिठ्ठीवर ठरतं. या दोघींच्या खेळात फरक फार थोडा असतो. ठरवूनच चौथीला पहिलीसमोर बसवलं, तर दर स्पर्धेत सेमीफायनलचं ओझं तिच्याच वाट्याला येईल. पाचवी ते आठवी 8, 9, 24 आणि 25 वर चिठ्ठीनंच जातात.

यंदा मात्र पहिली आणि तिसरी एकाच क्लबच्या निघाल्या. आमच्या स्पर्धेच्या नियमानुसार एका क्लबच्या वरच्या दोघी वेगवेगळ्या अर्ध्यांत हव्यात. म्हणून तिसरीला चिठ्ठी न टाकताच 17 वर ठेवलं आणि चौथी आपोआप 16 वर, पहिलीच्या अर्ध्यात आली.

स्पर्धेच्या सकाळी दुसरी मानांकित तापामुळे आली नाही. सामने सुरू झाल्यावर तसा निरोप आला. थोड्याच वेळात चौथीचे वडील ड्रॉचा कागद घेऊन टेबलाशी आले. "सर, 32 ची जागा रिकामीच आहे. आमच्या मुलीला तिथे घ्या ना. तसंही तिची चिठ्ठी तुम्ही काढलीच नव्हती."

त्यांची तळमळ मला पटत होती. खालच्या अर्ध्यात आता तिसरीची वाट बरीच मोकळी झाली होती. पण स्पर्धा सुरू झाली की ड्रॉमधून नाव फक्त खोडता येतं, हलवता येत नाही. शिवाय 16 ची जागा सोडली असती, तर तिच्या वाट्याच्या प्रतिस्पर्धी मुलीला फुकटची चाल मिळाली असती आणि 29-30 च्या विजेतीचा वॉकओव्हर हिसकावला गेला असता. त्या मुलींनी तर काहीच मागितलं नव्हतं. मी कागदावर बोट ठेवून पहिली आणि तिसरीच्या क्लबचं नाव दाखवलं आणि चिठ्ठी का नव्हती, ते सांगितलं. वडील म्हणाले, "हे काल ड्रॉच्या वेळीच सांगितलं असतं, तर मी आलोच नसतो."

बोलणं रास्त होतं. ड्रॉ सगळ्यांसमोरच झाला होता, पण क्लबचं कारण कुणी मोठ्यानं वाचलं नव्हतं. चौथी सेमीफायनलला पहिलीशी पाचव्या गेमपर्यंत झुंजली आणि 9-11 नं हरली. फायनलमध्ये पहिली आणि तिसरी, दोघी एकाच क्लबच्या, समोरासमोर आल्या. हल्ली चिठ्ठ्यांचा डबा उघडण्याआधी मी मानांकित मुलींच्या क्लबांची नावं वाचतो आणि कोणाची जागा चिठ्ठीविना ठरणार, ते पालकांना तिथेच सांगतो.