‘सुंदर’ खोडलं की खाली काय उरतं

"ताई, सुंदर, अप्रतिम, युनिक हे सगळं काढून टाकायचं म्हणता, मग गोधडी ऑनलाइन विकायला टाकताना तिच्याबद्दल लिहायचं तरी काय?"

आधी माझंच सांगते. माझ्या पहिल्या लिस्टिंगमध्ये लिहिलं होतं, ‘अप्रतिम रंगसंगतीची सुंदर हँडमेड बेबी गोधडी, तुमच्या बाळासाठी खास’. एका बाईंनी घेतली, पहिल्यांदा धुतली आणि लाल काठाचा रंग त्यांच्या पांढऱ्या चादरीवर उतरला. त्या रागावल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या की रंग जातो हे लिहायला हवं होतंत. खरंच की, अप्रतिमच्या जागी ती एक ओळ मावली असती!

तेव्हापासून प्रत्येक गोड शब्दाला मी "कशावरून?" विचारते, आणि जे उत्तर येतं ते लिहून तो शब्द खोडते. सुंदरच्या जागी मनमोहक किंवा नयनरम्य टाकून काही होत नाही, तो नुसता कपडे बदललेला सुंदरच. दुसरी परीक्षा अशी की तेच वाक्य कुणाच्या कानातल्यांखाली किंवा मातीच्या कपाखाली चिकटवून बघायचं, तिथेही बसलं तर ते तुमच्या गोधडीबद्दल काहीच सांगत नाहीये.

आता ही सध्याची घ्या, बाळाची, ४० बाय ४० इंच. ‘मऊ’ लिहिलं होतं. कशावरून? तर वरचा थर आणि आतले दोन थर सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचे आहेत, वर्षानुवर्षं धुऊन खळ कधीच निघून गेलेली, म्हणून मऊ. ‘उत्कृष्ट कारागिरी’ कशावरून? धावदोरा कडेपासून सुरू करून गोल गोल आत मध्यापर्यंत आणलाय आणि दोन ओळींत अर्धा इंच अंतर आहे, त्यामुळे धुतल्यावर आतलं कापड एका कोपऱ्यात गोळा होत नाही. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण नुसतं अर्धा इंच म्हटलं तर गिऱ्हाईकाला काय कळणार, त्याचा त्याला फायदा काय ते त्याच वाक्यात यायला हवं. माझ्या भाच्याने हिशोब करून दिला होता की एका गोधडीत साधारण ८० मीटर टाके पडतात, हिशोब बरोबर होता पण मी तो काढला. ऐकायला भारी, पण बाळाला पांघरूण घेणाऱ्या आईला त्याचं काय!

‘टिकाऊ’ मात्र मी लिहितच नाही, जुनं कापड कुठे किती विरलंय हे मलाच पक्कं माहीत नसतं. त्याऐवजी लिहिते की कापड उजेडासमोर धरून बघितलंय, विरलेला भाग कापून टाकलाय, आणि मशीनमध्ये जेंटलवरच धुवा.

मापाचंही असंच. खालचं आस्तर नवं सुती असतं आणि नवं कापड धुतल्यावर आटतं, जुनी साडी आटत नाही, मग वरची बाजू फुगते नि सुरकुत्या पडतात. म्हणून आस्तर आधी धुऊन घ्यायचं आणि तयार गोधडीही एकदा धुऊन मगच माप लिहायचं. रंगाला ओलं पांढरं फडकं चोळून बघते, डाग आला तर तसं लिहिते.

शेवटी झालं ते असं: ‘बाळाची सुती गोधडी, ४० बाय ४० इंच, चार थर, हाताचा धावदोरा. वरचे तीन थर जुन्या धुतलेल्या नऊवारीचे म्हणून पहिल्या दिवसापासून मऊ. ओळी अर्ध्या इंचावर, आतलं कापड सरकत नाही. वजन ४५० ग्रॅम. लाल काठाचा रंग थोडा जातो, पहिली दोन धुणी वेगळी करा. टाके कुठे लहान कुठे मोठे दिसतील.’

टायटल ‘बाळाची सुती गोधडी’नेच सुरू करा, फोनवर पुढचं कापलं जातं आणि शोधताना कोणी ‘अप्रतिम’ टाइप करत नाही. हो, आणि दहा मापं एकाखाली एक ओतू नका, मी एकदा दोऱ्याचा नंबर पण दिला होता आणि लोकांनी तरीही फोन करून विचारलं की थंडीत पुरेल का. आता तेही लिहिते: पंख्याखाली पुरते, कडक थंडीत वरून ब्लँकेट लागेल.