पट्टा पहिल्याच भोकात अडकला

पोटाच्या तक्रारी घेऊन व्यायामपटू माझ्याकडे नेहमीच येतात, पण त्या संध्याकाळी कोल्हापुरातल्या एका जिममध्ये पाहिलं ते वेगळंच होतं. ८३ किलो गटात पॉवरलिफ्टिंग करणारा पोरगा स्क्वॉटच्या आधी कमरेचा पट्टा आवळत होता. सकाळी तो तिसऱ्या भोकात सहज बसायचा, आता पहिल्याच भोकात जेमतेम अडकला. पोट ढोलासारखं ताणलेलं. जड बार खांद्यावर असताना पोटात हवा धरून पट्ट्यावर दाब द्यावा लागतो, आणि हा तर दम भरायलाच घाबरत होता. सेट अर्धवट सोडून तो थेट संडासकडे गेला.

तो बाहेर आल्यावर आम्ही शांतपणे त्याचा दिवस लिहून काढला. सकाळी कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध अर्धा लिटर, दुपारी जेवणात मोठा वाडगा दही आणि व्यायामाआधी व्हे, म्हणजे दुधापासूनच बनलेली प्रोटीन पावडर, दोन स्कूप, तेही अर्ध्या लिटर दुधात. "मॅडम, पावडरच बाधतेय, दूध तर लहानपणापासून पितोय," तो म्हणाला. मी आकडे मांडले. शंभर मिली दुधात साधारण पाच ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते, म्हणजे एका वेळी पंचवीस ग्रॅम तर नुसत्या दुधातून. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटच्या दोन स्कूपमध्ये तीन ते पाच ग्रॅम. पावडरचा भार थोडाच होता, मोठा वाटा दुधाचा. आणि लहानपणी पचत होतं म्हणून आजही पचेल असं नसतं. लॅक्टोज पचवणारं लहान आतड्यातलं लॅक्टेज हे पाचक द्रव्य बऱ्याच जणांत वाढत्या वयात कमी होत जातं. मग न पचलेली ही साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवून वायू करतात आणि ती पाणीही ओढून घेते. म्हणून फुगणं आणि जुलाब, बहुधा अर्ध्या ते दोन तासांत.

रक्त पडणं, ताप, विनाकारण वजन उतरणं असं काही नव्हतं. तरी मी त्याला आधी डॉक्टरांकडे पाठवलं, कारण गव्हाच्या ग्लुटेनचा आजारही असाच दिसतो. तो नाही असं कळल्यावर दोन आठवडे दूध, दही, व्हे सगळं बंद केलं.

त्याच्या वजनाला रोज सुमारे १३० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि त्यातली नव्वदएक या तीन गोष्टींतूनच येत होती. ती भरायची कशी? सकाळी चार अंडी, रात्री दीडशे ग्रॅम कच्च्या वजनाचं चिकन आणि दुपारी पन्नास ग्रॅम कोरडी सोयावडी, एवढ्यात ऐंशीच्या पुढे जातो. सोमवार-गुरुवार घरात वशाट चालत नाही, त्या दिवशी टोफू आणि पाण्यातली वाटाणा प्रोटीन पावडर.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. "अहो मॅडम, पोट तर अजून फुगतंय." काय देताय विचारलं तर दूध गेलं म्हणून त्या माउलीने हरभऱ्याची आणि राजम्याची उसळ दोन वेळा सुरू केली होती. कडधान्यांतल्या काही साखरा आपल्या कोणाच्याच आतड्यात पचत नाहीत, त्यांचाही वायूच होतो. इथेच पुष्कळ जण फसतात आणि 'दूध सोडून फरक नाही' म्हणून परत दुधाकडे वळतात. उसळीऐवजी मुगाच्या डाळीचं वरण आणि सोयावडी उकळत्या पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून करायला सांगितली. आठवड्याभरात पट्टा संध्याकाळीही तिसऱ्या भोकात बसू लागला.

मग एकेक पदार्थ परत आणला, मध्ये तीन-तीन दिवस सोडून. जेवणासोबत वाटीभर, चांगलं आंबलेलं दही चाललं, कारण त्यातले जिवाणू लॅक्टोज पचवायला हातभार लावतात. त्रास वाडगाभर दह्याने व्हायचा. चहापुरतं दूधही चाललं. व्हे आयसोलेट या जास्त शुद्ध केलेल्या पावडरचा एक स्कूप पाण्यात घेतला तर काहीच झालं नाही, कारण त्यात लॅक्टोज नावापुरतंच उरतं. तो महाग असल्यामुळे व्यायामाच्या दिवशीच ठेवला. दुधातलं कॅल्शियम मात्र सोयावडी आणि अंड्यांनी पुरेसं भरत नाही. म्हणून ज्वारीच्या जागी एक वेळ नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं.

पोट शांत झालं तरी तिसऱ्या आठवड्यात वजन दीड किलोने उतरलं आणि स्क्वॉट जागचा हलेना. प्रथिनांचा हिशेब बरोबर होता, पण लिटरभर म्हशीच्या दुधासोबत हजारभर कॅलरीही गेल्या होत्या, आणि अंड्या-चिकनने त्या निम्म्याच भरून निघत होत्या. जेवणात एक भाकरी वाढवली, सोबत मूठभर शेंगदाणे आणि वरून तीळकूट, तेल. बार परत वर जायला आणखी पंधरवडा लागला.