चुकीचा फेरा आणि व्याजाचा फेरा

“भाऊ, मी बेरीज टाकली तर एक्सेल सर्क्युलर रेफरन्सची वॉर्निंग देतं. तुमच्या शीटमध्ये तर तो फेरा मुद्दाम ठेवलेला असतो. मग माझी ती चूक आणि तुमची ती हुशारी, हे कसं?”

हुशारी वगैरे काही नाही. जळगावात बसून जिनिंगवाल्यांचे आणि डाळमिलवाल्यांचे सीएमए, म्हणजे बँक कर्जासाठी लागणारे आकड्यांचे तक्ते, करतो, त्यातून अंगवळणी पडलेली गोष्ट आहे.

तुमचं आधी सांगतो. मजुरीची बेरीज C14 मध्ये हवी होती आणि तुम्ही लिहिलंत `=SUM(C5:C14)`. म्हणजे बेरीज स्वतःलाच मोजायला निघाली. व्यवहारात असं काही घडत नाही, त्यामुळे ही निव्वळ चूक. वॉर्निंग आली की खाली स्टेटस बारवर सेलचा पत्ता दिसतो. तिथे जायचं आणि C13 वर थांबायचं.

आता माझा फेरा. समजा, एका जिनिंगचं सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाचं खातं, वर्षाच्या सुरुवातीला 40 लाखांवर आहे. धंद्याला आणखी 10 लाख लागणार आणि व्याजदर 12 टक्के. व्याज धरायचं सुरुवातीच्या आणि शेवटच्या बाकीच्या सरासरीवर. पण व्याज भरायला वेगळा पैसा नाही, तेही सीसीतच पडणार. म्हणजे शेवटची बाकी कळायला व्याज हवं आणि व्याज कळायला शेवटची बाकी.

```
B5 (व्याज)       =IF($B$1=1, B2*(B3+B6)/2, B2*B3)
B6 (अखेर बाकी)   =B3+B4+B5
```

B1 मध्ये 1, B2 मध्ये दर, B3 मध्ये सुरुवातीची बाकी, B4 मध्ये नवी उचल. File > Options > Formulas मध्ये Enable iterative calculation ला टिक केली की एक्सेल पुन्हा पुन्हा मोजत राहतं. व्याज शून्य धरून निघालं तर पहिल्या फेरीत 5.4 लाख, मग 5.724, मग 5.7434, आणि शेवटी 5.7447 वर स्थिर. दर फेरीत उरलेली चूक 6 टक्क्यांवर येते, कारण व्याजातला निम्माच भाग सरासरीत जातो आणि त्यावर 12 टक्के लागतात. म्हणून चार-पाच फेऱ्यांत काम होतं. विश्वास नसेल तर बीजगणिताने तपासा: 5.4 भागिले 0.94. उत्तर तेच.

B1 मधला 1 कशाला, तर एकदा एका मुनीमजींनी B4 मध्ये आकड्याऐवजी “दहा लाख” असं अक्षरी टाकलं. दोन्ही सेलमध्ये #VALUE! आलं. मग B4 नीट केलं तरी ते जाईना, कारण B5 ला B6 कडून चूक मिळत होती आणि B6 ला B5 कडून. मुनीमजी म्हणाले, “हाई काय शे भाऊ?” B1 मध्ये 0 टाकला की फेरा तुटतो, आकडे शुद्ध होतात, मग परत 1. हा खटका नसलेला फेरा मी कुणाला देत नाही.

खरा धोका पुढे आहे. ती टिक चालू असली की तुमची C14 वाली चूकसुद्धा एक्सेल मुकाट्याने गिळतं. आणि ही टिक एका फाइलपुरती राहत नाही. एक्सेल सुरू केल्यावर सगळ्यात आधी उघडलेल्या फाइलची सेटिंग नंतरच्या फाइलींनाही लागू होते. माझ्याकडेच एकदा 3 लाखांची मजुरी 3 कोटी झाली होती, कारण एक्सेलने बेरीज ठरलेल्या 100 फेऱ्या फिरवली होती. F9 दाबलं तर 6 कोटी. तेव्हापासून सवयच आहे, फेरा असलेल्या शीटवर दोन-तीनदा F9 दाबून बघतो. आकडा चालायला लागला तर फेरा खोटा. पण थांबला म्हणजे खराच, असंही नाही. चुकीचे फेरेही कधीकधी निमूट थांबतात. म्हणून टिक काढून वॉर्निंगच्या यादीत व्याजाच्या साखळीबाहेरचा एखादा सेल येतो का, हेही पाहतो.

आता जरा माझ्याच विरोधात बोलतो. जिनिंगचा कापूस दिवाळीच्या आसपास यायला लागतो, सीसी हिवाळ्यात भरतं आणि गाठी विकल्या की उतरतं. मार्च ते मार्च या दोन टोकांची सरासरी त्या मधल्या चढाला पाहतच नाही. तिथे फेरा कितीही सुबक बसवा, व्याज कमीच निघणार. अशा वेळी मी महिन्यावार शीट करतो. बँक व्याज रोजच्या बाकीवर मोजते आणि महिन्याच्या शेवटी खात्यात टाकते. म्हणजे त्या महिन्याचं व्याज त्याच महिन्याच्या मोजणीत नसतं. महिन्याची सरासरी व्याज टाकण्याआधीच्या बाकीवर घेतली की फेरा उरतच नाही, टिकही लागत नाही.

डाळमिलवाल्याचं खातं वर्षभर एकसारखं चालत असेल, तर वार्षिक सरासरी आणि तो फेरा खुशाल ठेवा. फक्त B1 विसरू नका.