कापड आटतं, हे चिठ्ठीत लिहून द्यावं लागलं

गेल्या वर्षी शिवलेला मंगलगिरी कुर्ता पहिल्याच धुण्यात दोन इंच वर गेला. "आधी पाण्यातून काढा," असं मी दुकानात तोंडी सांगितलं होतं. पण मापं घेणारा मुलगा वेगळा आणि कापणारे काका वेगळे, तेही मागच्या खोलीत. निरोप वाटेतच राहिला.

या वेळी तसलंच हातमागाचं अडीच मीटर कापड मी घरीच रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं, न पिळता सावलीत वाळवलं आणि पुन्हा मोजलं. २५० सेंटिमीटरचं २३९ झालं होतं. म्हणजे ४४ इंची कुर्ता जवळजवळ दोन इंच आखूड झाला असता. सलवारीचं गिरणीतलं पॉपलिन जेमतेम तीन सेंटिमीटर आटलं.

मग चिठ्ठी लिहिली आणि कापडाला टाचणीने लावली:

"काका, स. न. कुर्त्याचं आणि सलवारीचं कापड भिजवून आणलं आहे, पुन्हा भिजवू नका. अस्तर तुमच्याकडचं आहे, ते मात्र भिजवून वाळवूनच कापा. उंची ४४च ठेवा, वाढवू नका."

मुलाने चिठ्ठी वाचून हसून म्हटलं, "ताई, एवढं कशाला? मार्जिन सोडतो की."

इथेच माझं डोकं फिरलं. मार्जिन बाजूच्या शिवणीत असतं. ते उसवून घेर वाढतो, उंची कशी वाढणार? कापड जास्त आटतं ते लांबीकडे, कारण मागावर आणि गिरणीत ताण्याचे धागे ताणलेले असतात. पाणी लागलं की ते सैलावतात. खाली जास्तीची दुमड ठेवली तर उंची निघेल, पण मुंडा आणि बाही आटतील त्याचं काय? आणि न भिजवलेलं अस्तर आतून आटलं, की वरचं कापड खालच्या काठाशी फुगून लोंबतं. हे सगळं मी उभ्या उभ्या बोलले. मागे दोन बायका रांगेत होत्या. त्यातली एक म्हणाली, "अहो, माझ्याही अस्तराचं लिहा."

तो म्हणे, अस्तर भिजवायचं तर दोन दिवस जास्त लागतील. मी म्हटलं, लागू देत. शेवटी काकाच बाहेर आले, चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "गळपट्टीचं बुक्रम?" ते मी लिहायला विसरले होते! गळपट्टीत बुक्रम आटलं आणि आधीच भिजवलेलं कापड तसंच राहिलं, तर तिथे बुडबुडे येतात. त्यांनी स्वतःच खाली पेनाने "बुक्रमही भिजवणे" असं लिहिलं.

हो, आणि वाळलेल्या कापडाला इस्त्री करताना लांबीकडे ओढू नका. ओढून वाढलेलं पुढच्या धुण्यात परत जातं. मी पहिल्यांदा तेच केलं होतं आणि २४२ मोजून खूश झाले होते. पुन्हा भिजवल्यावर २३९.

कुर्ता दोन दिवस उशिरा मिळाला. तीनदा धुऊन झालाय. काल टेप लावली, पावणेचव्वेचाळीस.