वाऱ्यावर वाळत घातलेली बाहुली

थाई दुकानदारांच्या मालाच्या याद्या इंग्रजीत करून देण्याचं काम पुण्यातल्या आमच्या ऑफिसात चालू होतं. त्या दिवशी बँकॉकच्या आमच्या तपासनीस बाईंनी एक ओळ लाल करून पाठवली. खेळण्यांच्या विभागातल्या एका बाहुलीचं इंग्रजी नाव 'वाऱ्यावर वाळवायची बाहुली' असं निघालं होतं.

थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. जागा दिसते ती वाक्य किंवा वाक्यखंड संपल्यावर. म्हणून भाषांतराआधी सलग मजकुराचे शब्द तोडावे लागतात. हल्लीच्या भाषांतर यंत्रणांना असे तोडलेले शब्द लागतातच असं नाही, पण आमच्या ग्राहकाची ठरलेली शब्दसूची शब्दाला शब्द जुळवूनच लावायची होती, त्यामुळे सुटका नव्हती. बाहुलीच्या नावात घोळ झाला तो इथे:

```
ตุ๊กตาตากลม
ตุ๊กตา | ตาก | ลม
ตุ๊กตา | ตา | กลม
```

सुरुवातीचा 'तुक्कता' म्हणजे बाहुली. पुढची पाच अक्षरं त, आ, क, ल, म अशी. ती 'ताक-लोम' अशी तोडली तर वाऱ्यावर वाळत घालणं (आपल्या ताकाचा इथे काही संबंध नाही), आणि 'ता-क्लोम' अशी तोडली तर गोल डोळे. आमचा प्रोग्राम डावीकडून सुरू करून कोशात सापडेल तो सगळ्यात लांब शब्द उचलायचा. 'ता' आणि 'ताक' दोन्ही कोशात असल्यावर तो 'ताक'च घेणार, आणि उरलेलं 'लोम' म्हणजे वारा. तोही कोशात आहेच, त्यामुळे त्याला कुठे अडखळायचं कारणच नाही. कमीत कमी शब्द पडतील अशी तोड निवडायची दुसरी पद्धत आहे, पण इथे दोन्हीकडे शब्दांची संख्या सारखीच.

शेजारचा सहकारी म्हणाला, "अगं, गोल डोळे हा एकच शब्द धरून कोशात टाक, विषय संपला." तसा तो संपत नव्हता, कारण त्याच यादीत कपडेही होते, आणि 'धुऊन सावलीत वाऱ्यावर वाळवा' या सूचनेत हीच पाच अक्षरं येतात. सबंध तुकडा एक शब्द धरला, तर शर्टांना गोल डोळे फुटले असते. वाक्याचा संदर्भ पाहून तोडणारी तयार मॉडेलंही आहेत. पण त्यातली बरीचशी 'बेस्ट' नावाच्या थाई संग्रहावर शिकलेली, आणि त्यात लेख, बातम्या, कादंबऱ्या, ज्ञानकोश. मालाच्या नावात वाक्यच नसतं. संदर्भ म्हणून अलीकडचा-पलीकडचा एखादा शब्द मिळाला तर मिळाला.

म्हणून त्या एखाद्या शब्दावरच भिस्त ठेवली. आधी बाहुली, मुलगी, मांजर असं काही आलं तर डोळे. आधी 'धुणं' किंवा पुढे 'सावलीत' आलं तर वाळवणं. बाहुल्या लगेच सुधारल्या. मांजरंही सुधारली, पण एका दुकानदाराची सोडून. त्याच्या सगळ्या मांजरांच्या उशा वाऱ्यावरच.

पडद्यावर त्याचा 'मॅव', म्हणजे मांजर, आणि इतरांचा 'मॅव' यांत तसूभर फरक दिसत नव्हता. तोडलेला मजकूर उघडल्यावर मात्र मांजराच्या जागी सुटी अक्षरं सांडलेली दिसली. असे एकेकटे तुकडे दिसले की शब्द कोशात नाही किंवा लिहिण्यातच गडबड आहे, असं समजायचं. थाईत 'ए' आणि 'ॲ' या मात्रा आपल्या पहिल्या वेलांटीसारख्या व्यंजनाच्या डावीकडे बसतात. फरक इतकाच की आपण वेलांटी व्यंजनानंतर टाइप करतो आणि ते आधी. 'ॲ'ची मात्रा दिसायला 'ए'च्या दोन मात्रा शेजारी ठेवल्यासारखी असते, आणि या दुकानदाराने 'ए'ची कळ दोनदा दाबून काम भागवलं होतं. शेजारच्या युनिकोड क्रमांकांत ते दिसतं:

```
แมว   U+0E41 U+0E21 U+0E27
เเมว  U+0E40 U+0E40 U+0E21 U+0E27
```

वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण कोशाच्या लेखी दुसरा शब्द अस्तित्वातच नाही. मांजर ओळखलं गेलं नाही, म्हणून आमचा नियम लागला नाही, आणि तोड पुन्हा 'ताक'वर गेली. शब्द तोडण्याच्या आधीच दोन 'ए'ची एक 'ॲ' करणारी पायरी घातली. पायथायएनएलपी या थाईसाठीच्या पायथन लायब्ररीत त्यासाठी `normalize()` आयतं मिळतं. आधी तोडून मग सुधारलं तर उपयोग नाही. तोवर अक्षरं सांडलेली असतात.

संध्याकाळी बाईंनी आणखी एक ओळ परत पाठवली, भिंतीवर लावायच्या चित्राची. मांजर आणि तीच पाच अक्षरं. नियमाने 'गोल डोळ्यांचं मांजर' दिलं होतं. त्यांनी लिहिलं, "ताक-लोम म्हणजे वारा खात बसणंही होतं. फोटो पाठवा." फोटोत मांजर खिडकीत डोळे मिटून बसलं होतं. तेव्हापासून चित्रं आणि पोस्टरांच्या विभागात ही पाच अक्षरं आली की ती ओळ यंत्राकडे न जाता फोटोसकट बाईंकडे जाते.